चष्मा न काढता

खोली पाहिली आणि वॅटताईंचं डोकं फिरलं.

"ऐसपैस जागा आहे, ताई, काही अडचण येणार नाही," असं वार्ताहराने फोनवर ठणकावून सांगितलं होतं. प्रत्यक्षात ते एका वकिलाचं दुसऱ्या मजल्यावरचं ऑफिस होतं आणि वकीलसाहेब कोर्टात गेले होते म्हणूनच त्यात उभं राहायला जागा होती. दारातून पाहिलं तर समोर एक अवजड टेबल, त्यामागे भिंतीला टेकून फिरती खुर्ची. उजव्या भिंतीला काचेच्या दारांची दोन कपाटं, कायद्याच्या ग्रंथांनी ठासून भरलेली. डावीकडे एक खिडकी, जिच्यातून शेजारच्या इमारतीचे पाइप आणि दुपारचा पांढराफटक उजेड एवढंच आत येत होतं. डोक्यावर ट्यूबलाइट, जिच्याखाली ठणठणीत माणूसही कावीळ झाल्यासारखा दिसावा. छत इतकं खाली की दिव्याचा स्टँड पुरता उघडायचीच सोय नव्हती.

"मामा, कॅमेरा कुठे ठेवणार?" त्यांनी विचारलं.

मामा म्हणजे कॅमेरामन. तो कोणाचाही मामा नव्हता. सगळ्यांनी तसं ठरवून टाकलं होतं आणि त्याने हरकत घेतली नव्हती. "कुठे म्हणजे? माझ्या मांडीवर," तो म्हणाला.

वॅटताई पदार्थविज्ञान शिकलेल्या होत्या. दोन वर्षं एका कॉलेजात शिकवूनही झालं होतं. पुढे प्रयोगशाळेतला प्रकाश सोडून त्यांनी माणसांच्या चेहऱ्यावरचा प्रकाश धरला. कोणी "जरा मस्त उजेड द्या" म्हणालं की त्या "किती वॅट मस्त?" असं विचारत, त्यावरून हे नाव पडलं. दिवे त्यांच्या स्वतःच्या मालकीचे होते, आणि मतंही.

त्या टेप लावून भिंती मोजत असताना मुलाखतीचे पाहुणे येऊन ठेपले. बॉयलर तपासणारे सरकारी निरीक्षक, सध्या निलंबित. कपड्यांना रंग देणाऱ्या एका कारखान्यात बॉयलर फुटला होता आणि तिथे काम करणारी तीन माणसं गेली होती. निरीक्षकांचं म्हणणं, बॉयलर बंद करा असा आदेश आपण आधीच दिला होता. मालकाचं म्हणणं, साहेबांनी तोंडी परवानगी दिली होती. चौकशी पुढच्या आठवड्यात होती, पण निकाल गावभर आधीच लागला होता, आणि तो कशावर लागला होता हे वॅटताईंना लवकरच कळायचं होतं.

निरीक्षकांच्या बरोबर त्यांची मुलगी होती. तिने दारातूनच दिव्यांच्या पेट्यांकडे पाहिलं. "हे दिवे तुमचे?"

"माझे."

"मागच्या वेळीही तुमचेच होते?"

"मागच्या वेळी मी नव्हते. का?"

मुलगी काही बोलणार, इतक्यात वार्ताहर आत आला. इस्त्रीचा शर्ट, कानात फोनचं बोंड. "या काका, या! बसा ना. एक करा, चष्मा तेवढा काढून ठेवा. मागच्यासारखंच. काचा चमकतात हो, डोळे दिसत नाहीत."

निरीक्षकांनी आज्ञाधारकपणे चष्म्याला हात घातला. मुलीने तो हात धरला.

"बाबा, थांबा. हात लावू नका चष्म्याला."

"अगं, ते म्हणतायत तर..."

"ते मागच्या वेळीही म्हणाले होते! काय झालं मग?" ती वार्ताहराकडे वळली. "माझ्या बाबांना भाजीवाला तोंडावर 'चोरट्या नजरेचा' म्हणाला. शेजारच्या काकूंनी सांगितलं, मी सगळं बघितलं गं, त्यांना डोळ्याला डोळा भिडवता येत नव्हता. बघितलं म्हणे! काय बघितलं?"

"ताई, आम्ही काही कापाकापी केली नाही," वार्ताहर शांतपणे म्हणाला. "जे कॅमेऱ्याला दिसलं ते लोकांना दिसलं. कॅमेरा खोटं बोलत नाही."

वॅटताईंनी टेप गुंडाळली. खोटं न बोलणाऱ्या यंत्रांविषयी त्यांची मतं ठाम होती, पण त्या आधी पुरावा मागत. "मला दाखवा बरं ते."

मुलीने फोन पुढे केला. जेमतेम पंधरा सेकंदांचा तुकडा होता. निरीक्षक, चष्म्याविना, एका उघड्या दिव्याच्या झोतात. दिवा थेट डोळ्यांच्या उंचीवर. प्रश्न येतो: "परवानगी दिली होती की नाही?" आणि निरीक्षक उत्तर देताना आधी डावीकडे पाहतात, मग उजवीकडे, मग खाली, पापण्या फडफडतात, कपाळावर आठ्या. तोंडाने ते "नाही" म्हणत होते. बाकी सगळा चेहरा "हो" म्हणत होता.

वॅटताईंनी तो पुन्हा पाहिला, या वेळी आवाज बंद करून. मग फोन परत दिला आणि निरीक्षकांच्या चष्म्याकडे निरखून पाहिलं. काचांच्या कडा चांगल्या जाड. त्यामागचे डोळे मूळच्यापेक्षा लहान दिसत होते.

"साहेब, नंबर किती?"

"उणे नऊ. दोन्ही."

"चष्मा काढल्यावर स्पष्ट कुठपर्यंत दिसतं?"

निरीक्षकांनी तळहात नाकासमोर धरला. "इथपर्यंत. त्यापुढे सगळं धुकं."

"आणि मागच्या वेळी हे कुठे बसले होते?" त्यांनी वार्ताहराकडे बोट केलं.

"एका बाजूला हे. दुसऱ्या बाजूला आणखी एक बाई होत्या, त्या मधूनमधून सांगायच्या, मोठ्याने बोला, इकडे बघा. मला आवाज यायचे. कोण कुठे आहे ते..." निरीक्षक ओशाळून हसले. "दिव्यामुळे डोळ्यांत पाणी यायचं. मी आवाजाच्या दिशेने बघत होतो."

वॅटताईंनी पुन्हा काचांच्या जाड कडांकडे पाहिलं. त्यांचा राग सहसा असा यायचा; आधी हिशेब पूर्ण व्हायचा आणि मगच पारा चढायचा. तीन माणसं मेली होती. त्याला जबाबदार कोण याचा निवाडा एका अख्ख्या गावाने एका माणसाच्या नजरेवरून केला होता, आणि ती नजर भिरभिरत का होती, तर कोणीतरी त्याच्या नाकावरून काच उचलून खिशात घालायला लावली होती म्हणून. कारस्थान असतं तर निदान समजण्याजोगं होतं. हा नुसता आळस होता. दिवा चार हात बाजूला सरकवायचा कंटाळा.

"चष्मा राहील," त्या म्हणाल्या.

"अहो ताई, काचा चमकणार!"

"नाही चमकणार. कोणत्याही आरशाचा नियम सहावीत शिकवतात. तुम्ही त्या दिवशी गैरहजर असाल."

मामा खोकला. वार्ताहराचे कान लाल झाले.

वॅटताईंनी एका कोऱ्या कागदावर खोलीचा चौकोन काढला. "इथे साहेब. कॅमेरा खोलीत नाहीच, तो दाराबाहेर पॅसेजमध्ये. तुम्ही कॅमेऱ्याच्या डावीकडे, अगदी चिकटून. साहेब तुमच्याकडे बघणार, म्हणजे त्यांच्या काचा किंचित डावीकडे वळलेल्या. मग कॅमेऱ्याला त्या काचांमध्ये काय दिसणार? तुमच्याही पलीकडचं, डावीकडचं. आणि बहुतेक लोक दिवा ठेवतात नेमका तिथेच, कारण पुस्तकात तसं चित्र असतं. एवढ्या नंबरच्या काचा पुढून जवळजवळ सपाट असतात. चमकल्या तर अख्ख्या चमकतात, डोळ्यांच्या जागी दोन चकाकते पत्रे. म्हणून डावीकडे अंधार. ती खिडकी काळ्या कापडाने बंद, ट्यूब बंद. प्रकाश येणार उजवीकडून."

"उजवीकडे कपाट आहे. दिवा काय पुस्तकांत खोचणार?"

"दिवा पॅसेजमध्येच, मामांच्या उजव्या हाताला. त्याचं तोंड कपाटाकडे. कपाटाच्या दारावर पांढरं थर्माकोल. झोत थर्माकोलवर आपटणार, तिथून मऊ होऊन चेहऱ्यावर येणार. कपाटाच्या काचाही झाकल्या जातील, नाहीतर त्यांत आपण सगळे वरातीसारखे दिसू."

"मागून एखादा दिवा?" मामाने विचारलं. "केसांना उजेडाची कड मिळेल."

निरीक्षकांनी आपल्या टकलावरून हात फिरवला. "केस कुठून आणणार?"

मुलगी पहिल्यांदा हसली आणि लगेच गंभीर झाली.

वार्ताहर मात्र हट्टाला पेटला होता. "हे सगळं ठीक आहे. पण आमच्या साहेबांनी बजावलंय, चष्मा नको. लोकांना डोळे वाचायचे असतात. माणूस खोटं बोलतोय की खरं, ते डोळ्यांत दिसतं. वीस वर्षं लोकांशी बोलतोय मी, मला कळतं."

"कसं तपासलंत?"

"काय?"

"तुम्हाला कळतं, हे कसं तपासलंत? खरं बोलणारे किती, खोटं बोलणारे किती, तुम्ही ओळखलेले किती?"

"ताई, हे कॉलेज नाही."

"नाहीच. कॉलेजात नापास करता येतं." वॅटताईंनी निरीक्षकांपुढे हात केला. "साहेब, दोन मिनिटं चष्मा देता? काच जपेन."

त्यांनी वार्ताहराला फिरत्या खुर्चीत बसवलं. त्याला वाटलं, दिव्याची चाचणी आहे. मुलाखत घेणाऱ्यांना दुसऱ्याच्या जागी बसायची सवय असते. मग वॅटताईंनी एक उघडा दिवा कॅमेऱ्याशेजारी त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला, अगदी फोनमधल्या तुकड्यात होता तसा, आणि चष्मा त्याच्या नाकावर चढवला.

"अरे! काय दिसतंय हे! सगळं हललं!"

"राहू द्या. तुमचे डोळे चांगले आहेत, म्हणजे हा चष्मा लावून तुम्हाला साधारण तेवढंच दिसत असेल, जेवढं साहेबांना तो काढून दिसतं. मामा, चालू करा. आता मी प्रश्न विचारते. ज्यात शंकाच नाही असं काहीतरी. तुमचा जन्म कुठल्या महिन्यातला?"

"ऑगस्ट." तो आवाजाच्या दिशेने वळला. वॅटताई उजवीकडून बोलत होत्या.

"नक्की?" डावीकडून मुलीने विचारलं. तिला खेळ समजला होता.

"नक्की म्हणजे काय! ऑगस्टच." मान उजवीकडून डावीकडे. पापण्या फडफडल्या. डोळ्यांत पाणी.

"लग्न झालंय?"

"झालंय की. तुम्हाला माहीत आहे!" नजर खाली, टेबलावर.

"बायको खूश आहे?"

"हा काय प्रश्न आहे?"

"बास," वॅटताई म्हणाल्या आणि दिवा बंद केला. चष्मा पुसून त्यांनी निरीक्षकांच्या हातात दिला. मग मामाने कॅमेऱ्याचा छोटा पडदा फिरवून सगळ्यांसमोर धरला.

पडद्यावर इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस आपण ऑगस्टमध्ये जन्मल्याचं सांगत होता, आणि बघणाऱ्या कोणालाही शपथेवर वाटलं असतं की हा महिना त्याने कुठूनतरी चोरला आहे. काचांवर दिव्याची लकाकी होतीच, पण कडेने दिसणारे डोळे भिंतीवरची पाल हेरावी तसे इकडून तिकडे पळत होते.

वार्ताहर खुर्चीतून उठला.

"पुसून टाका ते," वार्ताहर म्हणाला.

"का?" मुलगी उसळली. "का पुसायचं? दाखवा ना लोकांना! आधी बाबांचं दाखवा, मग हे दाखवा. बघू दे भाजीवाल्याला!"

"मामा, पुसा म्हणतो ना!" त्याचा आवाज चढला. "आणि ताई, तुम्हाला दिवे लावायला बोलावलंय. प्रवचनाला नाही. मी फोन करतो वर." त्याने तिथेच फोन लावला, पाठ फिरवली आणि भिंतीशी कुजबुजला. परत वळला तेव्हा चेहऱ्यावर परवानगी मिळाल्याचं समाधान होतं. "आमचे साहेब म्हणतात, सुरुवात जुन्या तुकड्यानेच करायची. मग आजची मुलाखत. चष्म्याशिवाय. दोन्ही जुळले पाहिजेत. नाहीतर दुसरा दिवेवाला बघा."

वॅटताईंनी वाकून प्लग उपटला. वायर हाताभोवती गुंडाळायला सुरुवात केली, वेटोळ्यावर वेटोळं, इतक्या जोरात की मनगटावर वळ उठले.

"बघा. दिवे माझे आहेत. माणसाला आंधळा करायचा, त्याच्या तोंडावर झोत मारायचा आणि तो चाचपडला की म्हणायचं, बघा कसा घाबरलाय. हे ज्याला जमतं त्याला बोलवा. मी या धंद्यात यासाठी आले नाही. काळोखात मुलाखत घ्या. निदान लोक ऐकतील तरी!"

"ताई." निरीक्षक उभे राहिले होते. चष्मा त्यांच्या नाकावर होता. "दिवा लावा."

"तुम्ही ऐकलंत ना ते काय करणार आहेत?"

"ऐकलं. तुम्ही माझ्यासाठी भांडलात, माझ्या मुलीनंतर पहिल्याच. पण तुम्ही दिवे घेऊन गेलात तर उद्या काय दाखवतील? तेच पंधरा सेकंद. चौकशीत बसणारेही घरी टीव्ही बघतात. मला आज बोलायचंय." मग ते वार्ताहराकडे वळले. त्यांचा आवाज वाढला नाही, उलट कोरडा झाला. कारखान्यात नियम वाचून दाखवताना तो असाच होत असावा. "चष्मा मी काढणार नाही. ते तुमच्या साहेबांनी ठरवायचं नाही, माझं नाक आहे. जुना तुकडा दाखवायचा तर दाखवा. फक्त त्याबद्दल मला इथे विचारा, म्हणजे मी उत्तर देईन. आणि मामा, यांचं आताचं ते पुसून टाका."

"बाबा!"

"पुसू दे. त्यांनी काही खोटं सांगितलं नव्हतं."

मुलगी चिडून खिडकीशी जाऊन उभी राहिली. मामाने एक बटण दाबलं, दुसरं दाबलं. वार्ताहराने पुन्हा वर फोन केला नाही, एवढं वॅटताईंनी टिपलं.

त्यांनी वायर उलगडली. राग ओसरला नव्हता. त्याला फक्त काम मिळालं होतं. खिडकीवर काळं कापड ताणून बसवलं. ट्यूब बंद केली. दिवा पॅसेजमध्ये ठेवून त्याचं तोंड कपाटाकडे वळवलं, थर्माकोल चिकटवलं. निरीक्षकांच्या कानामागे, चष्म्याच्या काड्यांखाली कापसाची एकेक बारीक गुंडाळी सरकवली. काड्या मागून उचलल्या की काचा किंचित खाली झुकतात, आणि उरलीसुरली चमक त्यांच्या छातीकडे जाते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं. उजवीकडच्या गालावर मऊ उजेड, डावीकडच्या गालावर काळ्या कापडाने आणलेली सावली, आणि काचांमागे दोन डोळे, पूर्ण, बुबुळांसकट. उंबऱ्याशी एक खुर्ची होती. निरीक्षकांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्यात बसलेला वार्ताहर त्यांना दिसला, आणि नजर तिथेच थांबली. ती कुठे जाण्याचं कारणच नव्हतं.

"मामा, चालू," वॅटताई म्हणाल्या.

कपाटाच्या काचांवर वर्षानुवर्षांची धूळ होती. पहिला प्रश्न येण्याआधीच चिकटपट्टी सुटली आणि थर्माकोल घसरू लागलं. निरीक्षकांच्या चेहऱ्यावरचा उजेड ढळायच्या आत वॅटताईंनी ते कडेने पकडलं, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर गुडघे टेकले, आणि दोन्ही हातांनी वर धरून ठेवलं. आता मुलाखत संपेपर्यंत त्या स्वतःच स्टँड होत्या.

वार्ताहराच्या मांडीवर प्रश्नांचा कागद होता. त्याने घसा साफ केला. "मागच्या वेळी लोकांनी पाहिलं, तुम्ही माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हतात. नजर का चुकवत होतात?"

"मला तुम्ही दिसत नव्हतात," निरीक्षक म्हणाले. "माझा नंबर उणे नऊ आहे आणि तुम्ही चष्मा काढायला सांगितला होता. आज दिसताय. पुढचा प्रश्न?"

वार्ताहराने कागदाकडे पाहिलं. वॅटताईंना गुडघ्यांवरून तो उलटा वाचता येत होता. *तेव्हा मनात काय चाललं होतं. घाबरला होतात का. त्या नजरेचा अर्थ काय. घरच्यांना काय वाटलं ते पाहून.* पानभर प्रश्न, आणि एकूण एक त्या नजरेच्या खुंटीला टांगलेले. खुंटीच उपटून आली होती.

तो आता "कट" म्हणेल असं वॅटताईंना वाटलं. त्यांच्या दंडांत कळ येत होती, आणि थर्माकोलचा कोपरा हनुवटीत रुतत होता.

वार्ताहराने कागद दुमडला. मान वर केली, निरीक्षकांकडे पाहिलं, आणि जरा वेगळ्या, अनोळखी आवाजात विचारलं, "त्या बॉयलरला नेमकं झालं काय होतं?"

तीन माणसं जाऊन महिना लोटला होता. टीव्हीवर, पेपरात, बाजारात बोलणंच बोलणं झालं होतं. हा प्रश्न मात्र पहिल्यांदाच विचारला जात होता, आणि तो विचारायला लावण्यासाठी किती खटाटोप करावा लागला याचा वॅटताईंना इतका संताप आला की थर्माकोल थरथरलं. त्यांनी कोपर पोटाशी दाबून ते स्थिर केलं.

"त्यावर सुरक्षेची एक झडप असते," निरीक्षक सांगू लागले. "आत वाफ फार साठली, ठरलेल्या दाबाच्या वर गेली, की ती आपोआप उघडायला हवी. मी तपासणीला गेलो तेव्हा दाब वाढवून बघितला. काटा लाल रेषेवर आला. झडप उघडली नाही. आणखी वाढवला. नाहीच. मी विझवा म्हणून ओरडलो आणि मग झडप खोलून पाहिली. तिचा स्क्रू कोणीतरी शेवटपर्यंत आवळून ठेवला होता. वाफ बाहेर गेली की कोळसा जास्त लागतो, म्हणून."

"कोणी आवळला?"

"ते मी पाहिलं नाही. जे पाहिलं नाही ते सांगणार नाही. मी काय पाहिलं आणि काय आदेश दिला, ते सांगतो."

हा माणूस खरं बोलत होता का? वॅटताईंना ठाऊक नव्हतं, आणि चेहरा बघून ते ठरवायला त्यांनी साफ नकार दिला. स्थिर नजर हाही काही पुरावा नव्हता, ती चांगल्या चष्म्याचीही असू शकत होती. पण झडप तपासता येते. स्क्रूवरचे पान्याचे वळ तपासता येतात. आता कोणाला तपासायचंच असेल तर काय तपासायचं, हे मोठ्याने, स्वच्छ शब्दांत सांगितलं जात होतं.

"मग पुढे?" वार्ताहराने विचारलं. तो खुर्चीत पुढे सरकला होता.

"पुढे मी बॉयलरला सील लावलं," निरीक्षक म्हणाले. "सील कसं लावतात आणि ते तुटलं की काय दिसतं, ते आधी सांगतो."

वॅटताईंनी दात आवळून हात दोन बोटं वर उचलले. उजेड पुन्हा निरीक्षकांच्या गालावर नीट बसला.